भास्कराचार्यांच्या विटा आणि गवंड्याचा माल

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेला कुंपणाची एक भिंत बांधायची होती. लांबी १० मीटर, उंची २ मीटर आणि जाडी एका विटेची, म्हणजे २० सें.मी. पैसे गावकऱ्यांच्या वर्गणीतून जमलेले, त्यामुळे सामान नेमके आणायचे असे ठरले. गणिताच्या गुरुजींनी विटेची मापे घेतली. ती १९ × ९ × ९ सें.मी. भरली. भिंतीचे घनफळ ४ घनमीटर. त्याला एका विटेच्या घनफळाने भागले, तेव्हा उत्तर आले २५९९. गुरुजींनी २६०० विटा मागवल्या आणि उरलेल्या पैशात बसेल तेवढे सिमेंट व वाळू आणली.

विटांची रास पाहून गवंडी म्हणाला, "गुरुजी, एवढ्या विटा कशाला? दोन हजारांत काम होतंय."

गुरुजींनी त्याला वहीतला भागाकार दाखवला. गवंड्याने तो आदराने पाहिला आणि कामाला लागला. भिंत पुरी व्हायच्या आधीच वाळू आणि सिमेंट संपले, आठवडाभर काम थांबले आणि वर्गणीसाठी पुन्हा फिरावे लागले. अखेर भिंत उभी राहिली तेव्हा जवळजवळ सहाशे विटा शिल्लक होत्या.

गुरुजींच्या भागाकारात काहीही चूक नव्हती. हाच भागाकार आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याचा एक फार जुना व सुबक नमुना भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. तो नमुना आपण जरा बारकाईने तपासू. गुरुजींच्या सहाशे विटा का उरल्या, याचे उत्तर त्यातच सापडते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ त्यांनी ११५० साली पुरा केला आणि 'लीलावती' हा त्याचाच अंकगणिताचा भाग. आपल्याकडे त्यांचा एक दगडी पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे विटांचे हे गणित खानदेशात सातआठशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना शिकवले जात असणार.

'लीलावती'त खड्ड्यांचे गणित झाले की लगेच 'चितिव्यवहार' हे छोटे प्रकरण येते. चिति म्हणजे रचून केलेला ढीग. 'चि' म्हणजे गोळा करणे, रचणे, या धातूपासून हा शब्द झाला. नियम अगदी थोडक्यात आहे. चितीच्या तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणले की तिचे घनफळ मिळते, त्याला विटेच्या घनफळाने भागले की विटांची संख्या मिळते आणि चितीच्या उंचीला विटेच्या उंचीने भागले की थरांची संख्या मिळते. दगडांच्या चितीलाही हाच नियम लावावा, असे ते सांगतात.

उदाहरणातली वीट १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद आणि ३ अंगुळे उंच आहे. चिति ८ हात लांब, ५ हात रुंद आणि ३ हात उंच. २४ अंगुळांचा एक हात. हात ढोबळमानाने ४५ सें.मी. धरला तर ही वीट साधारण ३४ सें.मी. लांब, साडेबावीस सें.मी. रुंद आणि साडेपाच सें.मी.हून किंचित जास्त जाड होईल. आजच्या विटेच्या मानाने ती मोठी आणि चपटी, जवळजवळ फरशीसारखी आहे.

हातांत मांडले तर विटेची मापे पाऊण, अर्धा आणि एक अष्टमांश हात होतात. गुणाकार ३/६४ घनहात. चितीचे घनफळ १२० घनहात. १२० भागिले ३/६४ म्हणजे २५६० विटा. थर २४. कुठेही बाकी उरत नाही. अपूर्णांकांच्या भागाकाराचा सराव देण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधणे कठीण.

आता वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने हात वर करून विचारले, की एका थरात विटा किती, तर काय होईल? २५६० ला २४ ने भागा. उत्तर येते १०६ पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे पूर्ण विटांनी एकही थर पुरा होत नाही. प्रत्येक थरात विटेचा एक तुकडा घालावाच लागतो.

तो कसा बसतो हे चौकटीच्या कागदावर काढून पाहण्यासारखे आहे. थर १९२ अंगुळे लांब आणि १२० अंगुळे रुंद आहे. लांबीच्या दिशेने १८ अंगुळांच्या १० विटा ओळीने मांडल्या की १८० अंगुळे भरतात. अशा १२ अंगुळे रुंदीच्या १० ओळी मांडल्या की १०० विटा झाल्या. एका टोकाला १२ अंगुळे रुंद आणि १२० अंगुळे लांब अशी पट्टी उरते. तिच्यात विटा वळवून ठेवल्या तर ६ विटा बसून १०८ अंगुळे भरतात आणि कोपऱ्यात १२ × १२ अंगुळांची चौकोनी जागा राहते. ती जागा म्हणजे बरोबर दोन तृतीयांश वीट. वीट तोडून तो तुकडा घातला की १२ × ६ अंगुळांचा तुकडा हातात उरतो. दोन थरांतले असे दोन तुकडे जोडले की तिसऱ्या थराचा कोपरा भरतो. तीन थरांना मिळून बरोबर ३२० विटा लागतात आणि चोवीस थरांना २५६०. भास्कराचार्यांचे उत्तर खरे ठरते, पण वीट अगदी रेषेवर तुटली आणि तुकडा वाया गेला नाही तरच. वीट हातोडीच्या घावाने तोडणाऱ्याला विचारा, अशा सोळा विटांपैकी किती सरळ तुटतील!

पण सगळे थर असेच रचले तर आणखी एक अडचण येते. वरच्या सांध्याखाली खालचा सांधा येतो आणि चिति उभ्या चिरांनी फाकू लागते. ही गोष्ट आपल्याकडे भास्कराचार्यांच्याही फार पूर्वीपासून माहीत होती. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या रचनेचे जे नियम आहेत, त्यात एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ नये, असा स्पष्ट दंडक आहे. श्येनचिति म्हणजे ससाण्याच्या आकाराची वेदी पाच थरांची, प्रत्येक थरात २०० विटा. पहिला, तिसरा आणि पाचवा थर एका तऱ्हेने मांडायचा आणि दुसरा व चौथा वेगळ्या तऱ्हेने. गंमत अशी, की तिथे प्रश्न उलटा आहे. विटांची संख्या आणि वेदीचा आकार ठरलेला, विटांचे आकार शोधायचे. दोन थरांच्या मध्ये मातीचा थर पसरण्याची पद्धतही त्या विधीत आहे. 'लीलावती'च्या उदाहरणात मात्र दोन विटांच्या मध्ये काहीच नाही. वीट विटेला टेकलेली आहे.

हा दोष म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. चिति म्हणजे रचलेला ढीग. भट्टीवरून आलेल्या विटा मोजून घेण्यासाठी रचून ठेवल्या असतील तर त्यांच्यात माल नसतोच आणि मग हे गणित ठीक लागू पडते. शिवाय करवतीच्या कामाचे गणित सांगताना भास्कराचार्यांनी एक वाक्य घातले आहे. विटांची चिति, दगडांची चिति, खोदाई आणि करवतकाम यांचे मोल कामगारांशी ठरवून घ्यावे आणि ते वस्तूच्या मऊ-कठीणपणावर अवलंबून असते, असा त्याचा आशय आहे. गणित कुठे संपते आणि कामाची जागा कुठे सुरू होते, याची जाणीव असलेल्या माणसाचे ते वाक्य आहे. घोटाळा होतो तो आपण चितीचा नियम उचलून भिंतीला लावतो तेव्हा.

भास्कराचार्यांच्याच चितीत माल घालून पाहू. प्रत्येक सांधा अर्धा अंगुळ, म्हणजे साधारण एक सें.मी. जाड धरू. आता प्रत्येक वीट स्वतःच्या जागेबरोबर अर्धा अंगुळ सांध्याची जागाही अडवते. तिची हिशोबातली मापे १८.५ × १२.५ × ३.५ अंगुळे होतात. पूर्वीचे घनफळ ६४८ घनअंगुळे होते, ते आता ८०९ हून थोडे अधिक झाले. चितीच्या १६,५८,८८० घनअंगुळांना याने भागले की उत्तर येते सुमारे २०५०. पाचशेहून जास्त विटा कमी झाल्या! त्यांच्या जागी सुमारे २४ घनहात माल गेला, म्हणजे चितीचा एक पंचमांश भाग. थरही २४ राहिले नाहीत. ७२ अंगुळांत साडेतीन अंगुळांचे २० थर बसतात आणि दोन अंगुळे उरतात. तिथे गवंड्याला सांधे थोडे फुगवावे लागतील.

अर्ध्या अंगुळाच्या सांध्याने एवढा फरक का पडावा? लांबीत अर्धा अंगुळ वाढला म्हणजे अठरातला अर्धा, जेमतेम पावणेतीन टक्के. रुंदीत बारातला अर्धा, सव्वाचार टक्क्यांच्या आत. पण उंचीत तीनातला अर्धा म्हणजे सहावा हिस्सा, जवळजवळ सतरा टक्के. माल खाणारा सांधा हा आडवा सांधा असतो आणि वीट जितकी चपटी तितका त्याचा वाटा मोठा. सांधा पाव अंगुळाचा केला तर विटा सुमारे २२८३ लागतील आणि मालाचा वाटा एकदम अकरा टक्क्यांपर्यंत खाली येईल. मुलांकडून हे कोष्टक करून घ्यावे. सांध्याच्या जाडीला विटेच्या तीनही मापांनी वेगवेगळे भागून बेरीज केली, तर विटांच्या घनफळाच्या मानाने माल किती लागेल याचा चांगला अंदाज येतो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.

आता गुरुजींच्या भिंतीकडे वळू. १९ × ९ × ९ सें.मी. ही आपल्या भारतीय मानकातली वीट आहे आणि ही विचित्र वाटणारी मापे मुद्दाम निवडलेली आहेत. एक सें.मी. सांधा मिळवला की वीट २० × १० × १० सें.मी. जागा घेते. असे ठोकळे एका घनमीटरात बरोबर ५०० बसतात. गवंड्याचे "दोन हजारांत काम होतंय" हे चार घनमीटर गुणिले पाचशे, एवढेच होते. त्याने ते गुणाकार करून काढले की विटा मोजून, कोण जाणे. विटा मोजूनही तेच येते. भिंतीच्या एका थरात मागेपुढे दोन ओळी, प्रत्येकी ५० विटांच्या, म्हणजे १०० विटा. विटा भिंतीत आडव्या घालून थर केला तरी १०० च. दहा सें.मी.चा एक थर, तेव्हा दोन मीटर उंचीत २० थर. एकूण २०००.

मालाचे गणित जरा अधिक मजेदार आहे. ५०० विटांचे निव्वळ घनफळ ०.७७ घनमीटर, म्हणून घनमीटरमागे ०.२३ घनमीटर माल, असे हिशोबाच्या पुस्तकांत देतात. आपल्या भिंतीसाठी ते ०.९२ घनमीटर होईल. पण जरा थांबा. भिंतीची खरी जाडी किती? नऊ सें.मी.ची वीट, एक सें.मी. सांधा, पुन्हा नऊ सें.मी.ची वीट, म्हणजे १९ सें.मी. बाहेरच्या दोन्ही अंगांना सांधा नसतो. आठ हात लांब आणि पाच हात रुंद चितीत हा फरक आपण सोडून दिला होता, पण एका विटेच्या भिंतीत तो सोडता येत नाही. भिंतीचे खरे घनफळ ३.८ घनमीटर, त्यातून २००० विटांचे ३.०८ घनमीटर वजा केले तर सांध्यांत जाणारा माल ०.७२ घनमीटर भरतो.

मग पुस्तकातला आकडा चुकीचा का? नाही. विटेच्या वरच्या अंगाला एक खळगा असतो, त्यावर भट्टीवाल्याचे नाव उमटलेले असते. तो १० × ४ सें.मी.चा आणि एक सें.मी. खोल धरला, तर दोन हजार विटांचे खळगे ०.०८ घनमीटर माल पितात. म्हणजे ०.८० झाले. विटांच्या वाकड्या कडा, खाली सांडणारा माल आणि घमेल्यात सुकून जाणारा माल यांसाठी पंधरा टक्के धरले की आपण पुन्हा ०.९२ च्या घरात येतो. ढोबळ नियम पुष्कळदा असे टिकतात. एकीकडे थोडे जास्त धरलेले असते आणि दुसरीकडे थोडे विसरलेले असते.

अजून एक पायरी बाकी आहे आणि नवखा माणूस हमखास तिथे फसतो. ०.९२ घनमीटर हा कालवलेला ओला माल आहे. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते. सिमेंट आणि पाणी त्या पोकळीत शिरते आणि एकूण घनफळ आक्रसते. म्हणून कोरडे सामान सुमारे तीस टक्के अधिक घ्यावे लागते, म्हणजे १.२ घनमीटर. एकास सहा प्रमाण धरले तर सात भागांतला एक भाग सिमेंट, ०.१७ घनमीटर, म्हणजे ५० किलोच्या पाच पिशव्या. वाळू एक घनमीटरहून थोडी अधिक, ३६ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा सुमारे एक तृतीयांश ब्रास. गुरुजींच्या भागाकारात या दोन्ही वस्तूंना जागाच नव्हती. विटांनीच भिंत पूर्ण भरून गेली होती!

हे सगळे आकडे एक सें.मी.च्या सांध्यावर उभे आहेत. भट्टीतल्या विटा वाकड्या निघाल्या किंवा हात घाईचा असला की सांधा वाढतो. तो सगळीकडे दीड सें.मी. झाला, तर घनमीटरमागे विटा ५०० वरून सुमारे ४४० वर येतात आणि माल ०.२३ वरून ०.३२ घनमीटरवर जातो. विटा वाचल्या म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही, कारण सिमेंट त्याच प्रमाणात जास्त जाते. आपल्या भिंतीत काय झाले आहे हे ओळखायला एक सोपी खूण आहे. बिनगिलाव्याच्या भिंतीवर टेप उभी धरून दहा थरांची उंची मोजावी. नऊ सें.मी. उंचीच्या विटा असतील तर ती एक मीटर यायला हवी. ती १०५ सें.मी. आली तर सांधा दीड सें.मी.चा आहे. एकच सांधा मोजून हे कळत नाही, कारण तो जागोजागी बदलतो. दहा थरांत सरासरी आपोआप निघते. जुन्या वाड्याची किंवा देवळाच्या ओवरीची विटांची भिंत जवळपास असेल, तर तिथेही दहा थर मोजावेत आणि तुटलेल्या कोपऱ्यातून विटेची तीनही मापे घ्यावीत. सांधा आणि वीट यांची तुलना केली की त्या बांधकामात मालाचा वाटा किती होता हे घरी बसून काढता येते.

आमच्या शाळेच्या भिंतीचे दहा थर मी नंतर मोजले. १०२ सें.मी. भरले. गवंड्याचा हात चांगला होता.

उरलेल्या सहाशे विटांचा पुढच्या उन्हाळ्यात मैदानातल्या कडुलिंबाला पार बांधला. तो गोल असल्यामुळे किती विटा लागतील याचा हिशोब करायला गुरुजी कागद घेऊन बसले होते, पण गवंड्याने तोवर पहिला थर लावून टाकला होता.